वजनाच्या रकान्यातले पंचवीसशे

प्रसूती कक्षातलं डिलिव्हरी रजिस्टर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्या पोस्टिंगपासून येतं. संख्याशास्त्राचं पुस्तक त्याच्या बरंच नंतर येतं, आणि तोवर त्या रजिस्टरशी या पुस्तकाचा काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. मीन, मीडियन, मोड, एसडी ही नावं पाठ होतात, सूत्रं पाठ होतात, परीक्षेत पाच मार्कांचं गणित सुटतं. पुढे प्रोजेक्टच्या वेळी शंभर बाळांची वजनं समोर येतात आणि यातलं नेमकं काय काढायचं, काढलेला आकडा काय सांगतो, इथेच गाडी अडते. म्हणून हा सगळा विषय मला वजनाच्या एका रकान्यातूनच मांडावासा वाटतो.

समजा, एका पानावर अकरा बाळांची वजनं ग्रॅममध्ये आहेत. ती लहानापासून मोठ्याकडे लावून घेऊ: २३५०, २५००, २५००, २५००, २६५०, २७००, २८००, २९००, ३०००, ३१००, ३२५०. आकडे सरावासाठी घेतले आहेत, पण असं पान कुठेही दिसू शकतं. चढत्या क्रमाने लावणं ही पहिली पायरी आणि ती टाळायची नाही. रजिस्टरमध्ये वजनं जन्माच्या वेळेप्रमाणे लिहिलेली असतात. त्याच क्रमात मधला आकडा उचलून त्याला मीडियन म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

मीन म्हणजे आपली नेहमीची सरासरी. अकरा वजनांची बेरीज ३०,२५० आणि तिला ११ ने भागलं की २७५० ग्रॅम. मीडियन म्हणजे मध्यक, क्रमाने लावल्यावर बरोबर मधला, म्हणजे सहावा आकडा: २७००. त्याच्या डावीकडे पाच बाळं, उजवीकडे पाच. बाळं बारा असती तर सहाव्या आणि सातव्या आकड्याची सरासरी घेतली असती. मोड म्हणजे बहुलक, सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा: २५००, तीनदा.

इथे थोडं थांबायला हवं. वजनासारख्या मापात तीन बाळं अगदी एकाच आकड्यावर का यावीत? डिजिटल काटा पाच-दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो, मग २४८५, २५१५, २५३० असे आकडे दिसायला हवेत. ते दिसत नाहीत, कारण काही ठिकाणी शंभर ग्रॅमच्या खुणांचा स्प्रिंगचा काटा असतो आणि त्याची सुई दोन खुणांच्या मध्ये थांबली की वाचणारा जवळची गोल संख्या धरतो. डिजिटल काट्यावरही बाळ हातपाय हलवतं, आकडा २४६० ते २५२० असा नाचत राहतो, आणि घाईत ‘अडीच किलो’ लिहिलं जातं. त्यात २५०० ही साधी गोल संख्या नाही. त्याखालचं बाळ कमी वजनाचं, लो बर्थ वेट, म्हणून नोंदवायचं असतं, म्हणून त्या रेषेजवळचं वजन रेषेवर ढकलण्याकडे हाताचा कल असतो. थोडक्यात, या पानावरचा मोड बाळांबद्दल फारसं सांगत नाही, तो मोजण्याच्या सवयीबद्दल सांगतो. रकान्यात २५००, ३०००, २८०० अशाच संख्यांची गर्दी दिसली तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून आधी काट्याकडे जावं. काटा सपाट जागी आहे का, कापड ठेवून शून्य केलं होतं का, बाळ ओल्या दुपट्यात होतं का, वजन पहिल्या तासातच घेतलं का, हे पाहावं. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी घेतलेलं वजन जन्मवजनाच्या रकान्यात चालत नाही.

आता पसरण. मीन २७५० असलं तरी सगळी बाळं २७५० च्या आसपास दाटलेली आहेत की दूरवर विखुरलेली, हे मीन सांगत नाही. सगळ्यात सोपं माप विस्तार: ३२५० वजा २३५०, म्हणजे ९००. तो फक्त टोकाच्या दोन बाळांवर उभा असतो, मधल्या नऊ बाळांना त्यात काहीच जागा नाही.

प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, सगळ्यांना विचारात घेतं. प्रत्येक वजनातून मीन वजा करायचं. आपल्या पानावर ते येतं उणे ४००, तीनदा उणे २५०, उणे १००, उणे ५०, मग अधिक ५०, १५०, २५०, ३५० आणि ५००. उणे बाजूची बेरीज १३०० आणि अधिक बाजूचीही १३००. ही बेरीज नेहमी शून्यच येते, कारण मीन हा तोलाचा बिंदू आहे. शून्य आली नाही तर मीन काढताना चूक झाली आहे, आणि ती शोधूनच पुढे जावं. शून्याची सरासरी काढून काही हाती लागत नाही, म्हणून प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा. वर्गांची बेरीज ८,२०,०००. तिला ११ ने नाही, १० ने भागायचं: ८२,०००. वर्गमूळ घेतलं की २८६ ग्रॅम. वर्गमूळ घ्यायला बरेच जण विसरतात आणि एसडी म्हणून ८२,००० लिहून मोकळे होतात. अकरा बाळांमध्ये सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जड यांच्यात ९०० ग्रॅमचं अंतर असताना विचलन ब्याऐंशी हजार ग्रॅम कसं असेल, एवढं विचारलं तरी ती चूक सापडते.

१० ने का भागायचं? मीन आपण याच अकरा बाळांवरून काढलं, म्हणून ते या अकरांच्या शक्य तितकं जवळ बसलेलं आहे. आपल्याला जाणून घ्यायची आहे सगळ्या बाळांची पसरण, फक्त या पानाची नाही. जवळ बसलेल्या मीनपासून अंतर मोजलं की पसरण खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते, आणि भाजक एकाने कमी केला की ती बरीचशी भरून निघते. ११ ने भागलं असतं तर २७३ आलं असतं. हजार बाळांमध्ये हा फरक नगण्य होतो, अकरात नाही. एक्सेलमध्ये दोन्हींसाठी वेगळी फंक्शनं आहेत आणि प्रोजेक्टमध्ये आपल्याला जवळपास नेहमी पहिलं लागतं:

```
=STDEV.S(A1:A11)   → 286.36
=STDEV.P(A1:A11)   → 273.03
```

आता याच पानावर बारावं बाळ येऊ द्या. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी अशा तालुक्यांतून अडलेल्या, अवघड केसेस सोलापूरला रेफर होतात. अशाच एका आईचं, दिवस पूर्ण न भरलेलं बाळ: ११०० ग्रॅम. एकच आकडा वाढला, पण पान किती हललं ते पाहा. मीन २७५० वरून २६१२.५ वर आलं. मीडियन २७०० वरून २६७५ वर, म्हणजे पंचवीस ग्रॅमच सरकलं. एसडी मात्र २८६ वरून ५४९ झालं, जवळपास दुप्पट. कारण वर्ग: या बाळाचा फरक मोठा आणि त्याचा वर्ग प्रचंड, बाकी अकरा जणांचे वर्ग एकत्र केले तरी त्याच्यापुढे थोडे पडतात.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. बाळ मीनपासून किती एसडी दूर आहे, या मापाला झेड स्कोअर म्हणतात: वजनातून मीन वजा करायचं आणि एसडीने भागायचं. पहिल्या अकरा बाळांच्या मीन आणि एसडीने मोजलं तर ११०० ग्रॅमचं बाळ ५.७६ एसडी खाली पडतं, म्हणजे अगदीच वेगळं. पण त्याला धरून काढलेल्या मीन आणि एसडीने मोजलं तर ते २.७५ एसडीच खाली दिसतं. ते एसडीला इतकं फुगवतं की त्या फुगवट्यात स्वतःच लपतं. म्हणून ‘तीन एसडीच्या बाहेर काही नाही, म्हणजे डेटा स्वच्छ’ असं लहान यादीबद्दल कधी म्हणू नये.

असं टोकाचं मूल्य पकडायला चतुर्थकं जास्त भरवशाची. मीडियनने यादीचे दोन भाग केले, की खालच्या भागाचा मीडियन पहिलं चतुर्थक आणि वरच्या भागाचा मीडियन तिसरं. बारा बाळांच्या यादीत ते २५०० आणि २९५० येतात. त्यांच्यातलं अंतर, आयक्यूआर, ४५० ग्रॅम. अकरा बाळांत ते ५०० होतं, म्हणजे नवीन बाळाने त्याला जेमतेम हलवलं. प्रचलित नियम असा, की पहिल्या चतुर्थकाच्या खाली दीड आयक्यूआरपेक्षा दूर असलेला आकडा तपासायला घ्यावा. २५०० वजा ६७५ म्हणजे १८२५. आपलं ११०० त्याच्या बरंच खाली आहे, म्हणून सापडलं. सॉफ्टवेअर चतुर्थकं थोड्या वेगळ्या रीतीने काढतं आणि आकडा जरा मागेपुढे होतो, त्याने घाबरून जाऊ नये. कुठल्या रीतीने काढलं तेवढं लिहून ठेवावं.

सापडल्यावर तो आकडा खोडायचा नाही, केसपेपर काढायचा. २१०० चे ११०० लिहिले गेले का? बाळ किती आठवड्यांचं आहे? चूक असेल तर दुरुस्त करायची. खरं असेल तर ते बाळ यादीतच राहणार, कारण ते जन्मलं आहे आणि त्याचीच काळजी सगळ्यात जास्त घ्यायची आहे. ३७ आठवडे पूर्ण झालेली बाळं आणि त्याआधीची बाळं वेगळी मांडणं हा त्यातला प्रामाणिक मार्ग आहे. त्यासोबत एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी: रेफर केसेस येणाऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाची सरासरी ही सोलापूर जिल्ह्याची सरासरी होत नाही. गावातल्या आरोग्य केंद्रात सुखरूप झालेल्या बाळंतपणांची वजनं तिच्यात आलेलीच नसतात.

आता नॉर्मल कर्व्ह, मराठी पुस्तकांतलं प्रसामान्य वितरण. पूर्ण दिवसांच्या बाळांची पुष्कळ वजनं घेतली, अडीचशे ग्रॅमचे गट पाडले आणि प्रत्येक गटात किती बाळं ते उभ्या स्तंभांनी दाखवलं, तर मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत जाणारी आकृती येते. तिला बरीच जुळणारी गुळगुळीत रेषा म्हणजे नॉर्मल कर्व्ह. ती ओढायला दोनच आकडे लागतात, मीन आणि एसडी. मीन तिचं शिखर कुठे ते ठरवतं, एसडी तिची रुंदी. शिखराखाली मीन, मीडियन आणि मोड तिन्ही एकाच जागी येतात. शिखरावरून उतरताना रेषा आधी खाली वाकते आणि एका जागी तिचा बाक बदलून ती बाहेर पसरू लागते. ही जागा मीनपासून बरोबर एक एसडी दूर असते, म्हणून छापलेल्या आकृतीवरूनही एसडीचा अंदाज घेता येतो.

कर्व्ह वाचताना मुलं उंची वाचतात. वाचायचं असतं क्षेत्रफळ. रेषेखालचं पूर्ण क्षेत्र म्हणजे सगळी बाळं, आणि दोन वजनांमधलं क्षेत्र म्हणजे त्या दोन वजनांमधली बाळं. समजा मीन २८०० आणि एसडी ४०० ग्रॅम आहे. मग एक एसडीच्या आत, २४०० ते ३२०० मध्ये, सुमारे ६८ टक्के बाळं. दोन एसडीच्या आत, २००० ते ३६०० मध्ये, सुमारे ९५ टक्के. तीन एसडीच्या आत, १६०० ते ४००० मध्ये, ९९.७ टक्के. नेमक्या ९५ टक्क्यांसाठी २ ऐवजी १.९६ घेतात.

२५०० च्या खाली किती बाळं असतील? २५०० वजा २८०० म्हणजे उणे ३००, त्याला ४०० ने भागलं की झेड उणे ०.७५. आता तक्ता उघडायचा आणि इथे सर्वात जास्त घोटाळा होतो, कारण तक्ते दोन जातींचे असतात. एक तक्ता मधल्या रेषेपासून झेडपर्यंतचं क्षेत्र देतो. त्यात ०.७५ समोर ०.२७३४ मिळतं आणि ते डाव्या अर्ध्यातून, ०.५ मधून, वजा करावं लागतं: ०.२२६६. दुसरा तक्ता डाव्या टोकापासूनचं क्षेत्र थेट देतो, तिथे उणे ०.७५ समोर सरळ ०.२२६६ आहे. तक्त्याच्या डोक्यावर एक छोटी आकृती असते, तिच्यात कुठला भाग काळा केला आहे ते पाहिल्याशिवाय आकडा उचलू नये. उत्तर असं, की हजारातली साधारण २२७ बाळं २५०० च्या खाली. एक्सेलमध्ये पडताळा घेता येतो:

```
=NORM.DIST(2500,2800,400,TRUE)   → 0.2266
```

प्रत्यक्ष रजिस्टरमध्ये मोजलं आणि हजारात १७० च निघाली, तर लगेच आनंद मानू नये. अडीच किलोवर ढकललेली बाळं त्या फरकात असू शकतात. बरोबर २५०० लिहिलेली किती आणि त्याच्या आजूबाजूच्या आकड्यांवर किती, एवढं मोजलं की ते कळतं.

डावं टोकही असंच तपासावं. याच कर्व्हप्रमाणे १५०० च्या खाली हजारात एक बाळही येत नाही. रेफर केसेस घेणाऱ्या रुग्णालयात मात्र दिवस न भरलेली बाळं धरली की ती त्याहून पुष्कळ जास्त सापडतात. डावीकडची शेपटी लांब असते, तिथे कर्व्हचा हिशेब चालत नाही.

आणि काही रकाने असे असतात, की जिथे कर्व्ह लावायचाच नाही. उदाहरणार्थ, बाळंतिणी किती दिवस वॉर्डात राहिल्या: २, २, २, ३, ३, ३, ५, ६, १९. शेवटच्या बाईचे टाके चिघळले होते असं धरू. मीन ५ दिवस, मीडियन ३ दिवस, एसडी ५.४. मीनमधून एक एसडी वजा केलं की उणे ०.४ दिवस येतं. कुणीही शून्यापेक्षा कमी दिवस वॉर्डात राहत नाही. जे माप शून्याखाली जाऊच शकत नाही, तिथे मीन वजा एक-दोन एसडी उणे आलं, तर आकृती उजवीकडे लांबलेली आहे हे न काढताही कळतं. छापील पेपर वाचतानाही ही खूण उपयोगी पडते. शिवाय या यादीत साधी बाळंतपणं आणि सिझेरियन मिसळलेली आहेत, ती वेगळी काढली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पण म्हणून मीन टाकाऊ ठरत नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, किती दिवस राहावं लागेल?’ तेव्हा मीडियन सांगायचं, साधारण तीन दिवस, कारण नवापैकी सहा जणी तीन दिवसांत घरी गेल्या. चादरी, पॅड, जेवण यांचं इंडेंट करताना मात्र मीनच हवं, कारण नऊ बायका गुणिले पाच म्हणजे पंचेचाळीस खाट-दिवस, आणि एकोणीस दिवस राहिलेल्या बाईलाही रोज चादर लागलीच होती. मीडियनने इंडेंट केलं तर सत्तावीसच दिवसांचं सामान येईल आणि अठरा दिवसांचं कमी पडेल. अहवालात लिहिताना दोन्ही बाजू सारख्या उतरणाऱ्या रकान्यासाठी मीन आणि एसडी द्यावं, लांब शेपटीच्या रकान्यासाठी मीडियन आणि चतुर्थकं. मीन आणि आयक्यूआर अशी जोडी लावू नये.

शेवटचा मुद्दा वॉर्डातल्या कामाचा आहे. मीन २८०० आणि एसडी ४०० च्या त्याच कर्व्हवर २३०० ग्रॅमच्या बाळाचा झेड उणे १.२५ येतो. ते दोन एसडीच्या आत आहे, म्हणजे ज्या ९५ टक्क्यांत बहुतेक बाळं येतात त्यांच्यातलंच. म्हणून ते निरोगी ठरत नाही. ९५ टक्क्यांची हद्द फक्त सांगते की अशी बाळं इथे विरळ नाहीत. २५०० ची रेषा आपल्या पानाच्या मीन-एसडीवरून काढलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ती सगळ्यांसाठी एकच ठेवली आहे, कारण त्याखालच्या बाळांना दगावण्याचा धोका जास्त असतो. उद्या एखाद्या भागातल्या आया आणखी अशक्त झाल्या आणि तिथलं मीन २६०० वर आलं, तर कर्व्ह डावीकडे सरकेल आणि २३०० चं बाळ झेडने आणखी ‘मधलं’ दिसू लागेल, उणे ०.७५ वर. त्याच्या अंगात चरबी मात्र तेवढीच कमी असेल, ते तेवढंच लवकर गार पडेल आणि त्याची साखर तेवढीच उतरू शकेल. म्हणून झेड काहीही येवो, रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे कमी वजनाची खूण करायची, आईच्या छातीशी कांगारू पद्धतीने ठेवायचं आणि दर दोन तासांनी दूध मिळतंय का ते पाहायचं.